कुआ अंक आणि वयातील अंतर

पत्रिका पाहून स्थळ ठरवण्याची रीत नागपूरच्या धरमपेठेत, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्रच, जुनी आहे. १९९० नंतरच्या दशकांत भारतीय शहरांत फेंगशुईचा प्रसार झाला, तेव्हा या रीतीच्या जोडीला कुआ अंकांच्या जुळणीचा विचारही आला. पत्रिकेच्या गुणमेलनात चंद्रनक्षत्र लागते, त्यासाठी जन्मवेळ लागते आणि आठ कूटांचे मिळून ३६ गुण मोजले जातात. कुआ अंकाला मात्र जन्मवर्ष आणि लिंग एवढेच पुरते. इतक्या थोड्या माहितीवर दोन माणसांच्या सहजीवनाचा निर्णय देणारी ही पद्धत नेमके काय मोजते, हे तिच्याच गणितातून तपासता येते.

विसाव्या शतकात जन्मलेल्या पुरुषासाठी वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांची एकअंकी बेरीज करून ती १० मधून वजा करतात, तर स्त्रीसाठी त्या बेरजेत ५ मिळवून पुन्हा एकअंकी बेरीज घेतात. २००० पासूनच्या जन्मांना हेच आकडे अनुक्रमे ९ आणि ६ असे होतात. उत्तर ५ आले, तर पुरुषाला २ आणि स्त्रीला ८ देतात, कारण ५ हे मध्यस्थान असून त्याला स्वतःचे चिन्ह नाही. उरलेल्या आठ अंकांपैकी १, ३, ४, ९ हे पूर्व गटाचे आणि २, ६, ७, ८ हे पश्चिम गटाचे मानले जातात, आणि वर व वधू एकाच गटाचे असतील तरच जोडी जुळते असे धरतात.

ही विभागणी वरवर मनमानी वाटली तरी तिच्यामागे एक नेटका नियम आहे. प्रत्येक अंकाचे चिन्ह तीन आडव्या रेघांचे असते आणि त्यातील प्रत्येक रेघ अखंड तरी असते किंवा मध्ये तुटलेली तरी. खालच्या दोन रेघा एकसारख्या असतील तर चिन्ह पश्चिम गटात जाते आणि वेगळ्या असतील तर पूर्व गटात. रचनेचे हे सौंदर्य मान्य करायलाच हवे, परंतु रचना सुंदर असणे आणि ती माणसांना लागू पडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

एक उदाहरण घ्यावे. वराचा जन्म १९८४ चा असेल, तर ८ आणि ४ मिळून १२, त्याचे ३, आणि १० मधून ३ वजा जाऊन त्याचा अंक ७ येतो, म्हणजे पश्चिम गट. वधू १९८६ ची असेल, तर १४, त्याचे ५, त्यात ५ मिळवून १० आणि शेवटी १, म्हणजे पूर्व गट. जोडी जुळत नाही. हीच वधू १९९१ ची असती, तर तिचा अंक ६ आला असता, आणि ७ व ६ यांचा संबंध ‘शेंग छी’ या सर्वांत शुभ प्रकारात मोडला असता. दोन्ही स्थळांत मुलींचा स्वभाव, शिक्षण, घर यांपैकी काहीही विचारात आलेले नाही.

पुरुषांचा अंक दर वर्षी एकाने उतरतो आणि स्त्रियांचा एकाने चढतो, आणि नऊ वर्षांनी चक्र पुन्हा सुरू होते. त्यामुळे जुळणी खरे तर वयातील अंतरावर ठरते. वर व वधू एकाच वर्षाचे असतील, तर चक्रातील ९ पैकी ३ वर्षांतच गट जुळतो; वर दोन, तीन किंवा पाच वर्षांनी मोठा असेल तरीही तेवढाच. तो सात वर्षांनी मोठा असेल, तर मात्र नऊच्या नऊ वर्षांत गट जुळतो. सर्व ८१ शक्यता मोजल्या तर ४१ जुळतात, म्हणजे जवळपास निम्म्या. निम्मी जोडपी अनुरूप ठरवणारी कसोटी कोणत्याही सुखी किंवा दुःखी संसाराचे स्पष्टीकरण पाहिजे तेव्हा पुरवू शकते, आणि तिच्यावर विश्वास टिकून राहण्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

वर्ष कोठे सुरू होते, हाही वादाचाच विषय आहे. काही जाणकार ४ फेब्रुवारीच्या सुमारास येणारा ‘लीछुन’ हा सौर दिवस धरतात, तर काही चांद्र नववर्ष धरतात, जे १९८८ मध्ये १७ फेब्रुवारीला आले. १० फेब्रुवारी १९८८ ला जन्मलेल्या स्त्रीचा अंक पहिल्या हिशेबाने ३ आणि दुसऱ्या हिशेबाने २, म्हणजे एकाच मुलीचे दोन विरुद्ध गट.

प्रत्यक्ष घरात आणखी एक पेच उभा राहतो. वास्तुशास्त्रात झोपताना डोके दक्षिणेला किंवा पूर्वेला असावे असे सांगतात आणि उत्तर वर्ज्य मानतात. कुआ पद्धतीत मात्र प्रत्येक गटाच्या शुभ दिशा ठरलेल्या असतात. दक्षिण आणि पूर्व या दोन्ही दिशा पूर्व गटाच्या आहेत, त्यामुळे पश्चिम गटाच्या माणसाला त्या अशुभ ठरतात; उलट ९ अंकाच्या व्यक्तीला दांपत्यसुखासाठी उत्तरच सुचवली जाते. धरमपेठेतील अपार्टमेंटच्या शयनगृहात पलंगाला एकच भिंत मोकळी असते, तेथे दोन्ही शास्त्रे एकाच वेळी पाळणे पुष्कळदा शक्यच होत नाही. भिन्न गटांच्या जोडप्याला तर दोघांनाही शुभ अशी एकही दिशा उरत नाही, कारण दोन गटांच्या चार-चार दिशा परस्परांपासून पूर्णपणे वेगळ्या आहेत.

घर सजवताना ज्याला या दिशांचा आधार वाटतो, त्याने तो घ्यायला हरकत नाही; पण पसंत पडलेले स्थळ केवळ कुआ अंकावरून नाकारणे अन्यायाचे आहे. वधू वरापेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल तर नऊच्या चक्रात ते सात वर्षांच्या अंतरासारखेच ठरते, आणि म्हणून आपल्याकडे ज्या जोडीला घरातूनच आधी विरोध होतो, तिचा गट कुआच्या हिशेबाने प्रत्येक वेळी जुळतो.