तिथी नसलेला शोक

आमच्या दिंडीतील एका माउलीचे यजमान २०१६ च्या आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटी गर्दीत चुकले, ते आजतागायत घरी आले नाहीत. पोलिसांत वर्दी दिली, मठ-धर्मशाळा पालथ्या घातल्या. परवा ती माउली आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बुवा, कुकू पुसू का ठिवू, तेवढं सांगा."

आम्ही पुष्कळ दिवस यावर विचार करीत आहोत. मरणाचा शोक मोठा खरा, पण त्याला दिवस असतो. दहावा होतो, तेरावा होतो, वर्षश्राद्ध येते. रडणाऱ्याला रडायला आणि मग डोळे पुसायला जागा मिळते. हरवलेल्याची तिथी कुठली धरावी?

मुलाला सात-बाऱ्यावर वारसनोंद हवी होती. सात वर्षे वार्ता नसली, तर माणूस जिवंत आहे असे म्हणणाराने ते सिद्ध करावे, हा आपला कायदा. म्हणून मुलगा कोर्टात गेला. परंतु ही सात वर्षे केवळ मृत्यू गृहीत धरण्यापुरती. तो कोणत्या दिवशी झाला हे त्यातून ठरत नाही, ते ज्याला हवे त्याने निराळे सिद्ध करायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे. म्हणजे कागद मिळाला, तरी तिथी नाहीच!

धर्मशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करावा आणि त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी आहे. आणि तो माणूस पुढे परत आला तर? त्याला तुपाने न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत, पहिल्याच पत्नीशी पुन्हा लग्न लावावे. दहन सांगणाऱ्या शास्त्रानेही दार पुरते लावले नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

अमेरिकेतील पॉलिन बॉस या विदुषींनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायकांकडे पाहून हेच मांडले. शरीर नाही पण माणूस मनात आहे, हा एक प्रकार. शरीर समोर आहे पण माणूस गेला, हा दुसरा. स्मृतिभ्रंश झालेली आई लेकाला "तुम्ही कोण?" विचारते, तेव्हा ती कोणत्या दिवशी गेली म्हणायचे? असा शोक सरत नाही, यात रडणाऱ्याच्या मनाचा दुबळेपणा नाही; गोष्टच अर्धी आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटते. "आता सोडून द्या" म्हणणारे शेजारी आणि "येतील हो" म्हणणारे पाव्हणे, दोघेही त्या माउलीकडून एकच बाजू मागतात. तिच्या मनात मात्र दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

मुलाने सर्वपित्री अमावास्येला पाणी सोडावे. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी तो दिवस आहेच. कुंकवाचे आम्ही कोण ठरवणार? "ठेवावंसं वाटतं का?" एवढेच विचारले. ती म्हणाली, "व्हय." मग ठेवा, म्हटले. यंदाही ती नेहमीच्या दिंडीतच चालणार आहे. यजमानांचा सदरा दर वारीला पिशवीत असतो, तसा यंदाही आहे.