तुराट्यांचा कोळसा आणि सारांशाची मराठी

गेल्या हिवाळ्यात विज्ञानशिक्षकांच्या एका बैठकीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने ठासून सांगितले की, विज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पांचे शीर्षक आणि सारांश मराठीत करण्याचा हट्ट आता सोडावा. त्याचे म्हणणे असे : पारिभाषिक शब्द मराठीत आणले की अचूकता जाते, आणि ते शब्द सोपे केले की विज्ञानच जाते. शिवाय लातूरचे पोर दहावीनंतर दोन वर्षे इंग्रजीतूनच भौतिकी-रसायन घोकणार आहे, मग चार महिन्यांसाठी ‘संहती’ आणि ‘अधिशोषण’ त्याच्या माथी कशाला मारायचे? बैठकीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मला तो दावा तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. पण त्याला शब्दकोश तोंडावर फेकून उत्तर देता येत नाही. एक प्रकल्प हातात घेऊन ओळ न् ओळ तपासावी लागते.

प्रकल्प आपल्याकडचाच घेऊ. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, तेलंगणाच्या सीमेलगत, दख्खनचा काळा बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइटी खडक उघडा पडतो. त्या खडकातल्या खनिजांमधून फ्लोराइड भूजलात उतरते. किनवट तालुक्यातल्या काही गावांनी त्याचे परिणाम दातांवर आणि हाडांवर भोगले आहेत. म्हणून या भागातली मुले दर दोन-तीन वर्षांनी एकदा तरी फ्लोराइडचा प्रकल्प करतात. समजा, एका मुलीने तुराट्या जाळून कोळसा केला, तो बोअरच्या पाण्यात ढवळला आणि फ्लोराइड कमी झाले का ते मोजले. मार्गदर्शक शिक्षकांनी इंग्रजीत शीर्षक दिले : ‘रिमूव्हल ऑफ फ्लोराइड फ्रॉम अल्कलाइन बोअरवेल वॉटर युझिंग अॅक्टिव्हेटेड कार्बन फ्रॉम पिजन पी स्टॉक्स’. जिल्हा पातळीवर परीक्षक मराठी आणि पालकही मराठी, म्हणून तक्त्यावर मराठी हवे. अशा वेळी भिंतीवर सर्रास लागते ते हे : ‘तुरीच्या काड्यांच्या सक्रिय कार्बनद्वारे क्षारीय पाण्यातील फ्लोराइडचे निर्मूलन’.

या एका ओळीत तीन चुका आहेत. त्यांतली एकही चूक कठीण शब्दामुळे झालेली नाही, सहकाऱ्याच्या दाव्याला माझे पहिले उत्तर हेच आहे.

पहिली चूक ‘क्षारीय’. हा शब्द हिंदीतून आला. हिंदी रसायनशास्त्रात क्षार म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ आणि मिठाला लवण म्हणतात. मराठीत क्षार म्हणजे लवण. आपल्या पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होते. किनवटचा शेतकरी बाप ‘क्षारीय पाणी’ वाचून मचूळ, खारट पाण्याचा विचार करणार, रसायनाचा परीक्षक हिंदी पुस्तके वाचलेला असेल तर दुसराच अर्थ घेणार, आणि दोघांनाही वाटणार की आपल्याला कळले. खरे तर त्या बापाला नेमका शब्द ठाऊक आहे. माती तपासणीच्या अहवालावर त्याने ‘सामू’ वाचलेला असतो. ‘क्षारता’ हा रकाना त्याहून निराळा आहे हेही त्याला माहीत असते. क्षारपड जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी, हा फरक तो अनुभवाने सांगतो. तेव्हा ‘सामू 8.2 असलेले पाणी’ एवढे लिहिले की संपले. ज्याला पाठ्यपुस्तकी शब्द हवा त्याने पुढे ‘अल्कधर्मी’ जोडावा. आकडा बाजूला असल्यामुळे दोन वाचक दोन अर्थ घेऊच शकत नाहीत.

दुसरी चूक ‘सक्रिय कार्बन’. ही भाषेपेक्षा कामाची चूक आहे, पण ती भाषांतरात लपते. तुराट्या हवा कोंडून जाळल्या की मिळतो तो साधा कोळसा. त्यावर पुढे काही शे अंश तापमानात वाफेने किंवा फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनाने प्रक्रिया केली, त्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे वाढवले, तरच तो ‘सक्रियित’. ‘सक्रिय’ म्हटले की तो मूळचाच कामसू आहे असे वाटते. ‘सक्रियित’ म्हटले की त्याला कुणीतरी तसे केले आहे हे कळते आणि परीक्षक विचारतो, ‘कसं केलंस?’ मुलीने पत्र्याच्या डब्यात कोळसा केला असेल तर शीर्षकात ‘तुराट्यांचा कोळसा’ लिहावे. त्यात कमीपणा काही नाही. ‘तुराटी’ हा शब्द ‘तुरीची काडी’पेक्षा नेमका आहे, कारण तो शेंगा झोडून झाल्यावर उरलेल्या वाळल्या खोडालाच लागतो.

तिसरी चूक ‘निर्मूलन’, आणि ती सर्वांत गंभीर. सारांशातले आकडे पाहू. 100 मिलीलिटर पाणी, 1 ग्रॅम कोळसा, एक तास ढवळणे. आधी फ्लोराइड लिटरला 3.0 मिलिग्रॅम, नंतर 1.8. म्हणजे 40 टक्के घट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. मुलीच्या प्रयोगानंतरचे पाणीही या मर्यादेच्या वरच आहे. त्याला निर्मूलन म्हणणे खोटे, ‘फ्लोराइडमुक्त’ म्हणणे त्याहून खोटे आणि गावाच्या दृष्टीने धोक्याचे. ‘फ्लोराइड कमी करणे’ हे साधे क्रियापद इथे शास्त्रशुद्ध आहे. शिवाय हिशेब करून पाहा : 1 ग्रॅम कोळशाने 0.12 मिलिग्रॅम फ्लोराइड उचलले. त्याच मात्रेने घरच्या 20 लिटर पाण्याला 200 ग्रॅम कोळसा लागेल, तरीही पाणी मर्यादेत येणार नाही. हा हिशेब सारांशात आला तर प्रकल्प छोटा ठरत नाही. पुढच्या वर्षी काय करायचे ते त्यातूनच ठरते.

इथे मला निजामाच्या काळाकडे जावेसे वाटते, कारण आपल्या मराठवाड्याने हा प्रश्न आधीच एकदा जगून पाहिला आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड-लातूरच्या मुलांनी विज्ञान शिकायचे ते उर्दूतून. हैदराबादेत 1917 मध्ये भाषांतराचे खाते निघाले, पाठोपाठ 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ आले, आणि रसायन-भौतिकीची पाठ्यपुस्तके उर्दूत उतरू लागली. तेव्हा संज्ञा घडवण्यावरून तिथल्या विद्वानांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, संज्ञा अरबीच्या व्याकरणाने घडवाव्यात, म्हणजे त्यांना शास्त्राचा दर्जा राहील. दुसऱ्या तटात पानिपतचे वहीदुद्दीन सलीम होते. ते उस्मानियात उर्दूचे प्राध्यापक होते, आणि 1921 साली त्यांनी संज्ञा घडवण्याच्या तत्त्वांवर ‘वझ-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा असा की उर्दू ही हिंदुस्थानच्या मातीत वाढलेली भाषा आहे, म्हणून संज्ञा तिच्याच व्याकरणाने घडल्या पाहिजेत. तिचे प्रत्यय आणि तिची नामांपासून क्रियापदे करण्याची रीत शास्त्रासाठी वापरायला विद्वानांनी लाजू नये.

सलीमांचे हे मत मला फार मोलाचे वाटते आणि ते मराठीला जसेच्या तसे लागू आहे. आपल्या परिभाषेचा मोठा भाग संस्कृत नामांचा आहे : अधिशोषण, संहती, अवक्षेपण. ती नामे चूक नाहीत. पण सारांश नामांवर उभा राहिला की त्यातली कृती हरवते. कोणी केले, कशात केले, किती वेळ केले, हे सगळे ‘करण्यात आले’ आणि ‘प्रक्रिया’ या दोन शब्दांखाली दडपले जाते. मराठी क्रियापदे मात्र कृतीचे प्रकार वेगळे ठेवतात. गाळणे, निवळणे, विरघळणे, आटवणे, खाली बसणे, चिकटणे : प्रत्येकात वेगळी भौतिक घटना आहे. तुरटी फिरवून पाणी निवळते तेव्हा गढूळपणाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. ‘निवळणे’ या एका शब्दात तो सगळा क्रम आहे. आणि नेमक्या याच कारणाने ‘कोळशाने पाणी निवळले’ असे लिहिता येत नाही, कारण फ्लोराइड विरघळलेले असते, पाणी आधीही नितळ होते आणि नंतरही नितळच. तिथे ‘फ्लोराइड कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटते, याला अधिशोषण म्हणतात’ असे एकदा लिहावे आणि पुढे खुशाल ‘अधिशोषण’ वापरावे. ‘शोषण’ मात्र लिहू नये. शोषणात पदार्थ आत, सगळ्या अंगात मुरतो.

मी स्वतः बरीच वर्षे असे धरून चाललो होतो की भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश उघडला की प्रश्न मिटतो. आज माझी भूमिका तेवढी सरळ नाही. कोशातली ‘संहती’ बरोबर आहे, पण ‘पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण, लिटरला 3.0 मिलिग्रॅम’ हेही तितकेच अचूक आहे, कारण एककाने ‘प्रमाण’ या सैल शब्दाला कुलूप लावले आहे. जिथे आकडा आणि एकक आहे तिथे घरातला शब्द घ्यावा. जिथे आकडा नाही आणि घटना वेगळी ओळखायची आहे तिथे कोशातला शब्द घ्यावा, त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. एकाच सारांशात ‘प्रमाण’, ‘तीव्रता’, ‘मात्रा’ असे फिरते शब्द आले की परीक्षकाला वाटते तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. आमच्या निबंधाच्या तासांनी पुनरुक्ती टाळायची सवय लावली, ती इथे घातक ठरते. आणि F⁻ हे चिन्ह एकदा लिहून टाकावे. ते मराठी परीक्षकाला आणि इंग्रजी परीक्षकाला सारखेच वाचता येते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही शब्दाने सुटत नाही : न लिहिलेली अट. कोळसा फ्लोराइड धरतो तो मुख्यतः आम्लधर्मी पाण्यात. बोअरचे फ्लोराइडयुक्त पाणी बहुधा अल्कधर्मी असते. मुलीने आम्लाचे थेंब टाकून सामू 4 वर आणला असेल आणि मग 40 टक्के घट मिळाली असेल, तर ते वाक्य सारांशात आलेच पाहिजे, आणि ‘सामू 8.2’ मग ‘मूळ सामू 8.2’ झाले पाहिजे. इंग्रजी सारांशात ही अट गाळलेली असेल तर मराठी करणाऱ्याने ती मुलीला विचारून घालावी. मराठी करताना हा प्रश्न आपोआप पडतो, कारण ‘ढवळले’ लिहिताना कशात ढवळले ते लिहावे लागते. माझ्या सहकाऱ्याने अचूकता जाते असे म्हटले होते; या प्रकल्पात तरी ती भाषांतरानेच मिळाली.

मग तक्त्यावर काय लिहावे? शीर्षक : ‘तुराट्यांच्या कोळशाने बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड किती कमी होते?’ सारांशाची सुरुवात : ‘लिटरला 3.0 मिलिग्रॅम फ्लोराइड (F⁻) असलेले 100 मिलीलिटर पाणी घेतले. त्याचा मूळ सामू 8.2 होता, तो आम्ल घालून 4 वर आणला. त्यात 1 ग्रॅम कोळसा घालून एक तास ढवळले व गाळले. फ्लोराइड लिटरला 1.8 मिलिग्रॅमवर आले. हे पाणी अजून पिण्यायोग्य नाही.’ शेवटचे वाक्य गाळायचा मोह होईल, ते गाळू नये.

नांदेड आणि लातूरच्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे. तक्ता छापायला देण्याआधी सारांश त्या मुलीच्या आईला किंवा वडिलांना वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा : पाणी किती घेतले, कोळसा किती, वेळ किती, आणि फ्लोराइड किती उरले. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येणार नाही, तिथली ओळ पुन्हा लिहा.