तीनास एक म्हणजे चौथा हिस्सा

इडलीसाठी भिजत घालताना आमच्या घरी प्रमाण ठरलेलं आहे: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ. यात डाळ किती, असं विचारलं की काहीजण म्हणतात तिसरा हिस्सा आणि काहीजण म्हणतात चौथा. दोघंही बरोबर असतात, कारण दोघांनी डाळ वेगवेगळ्या गोष्टीशी ताडून पाहिलेली असते. तांदळाच्या मानाने ती एक तृतीयांश आहे, आणि पातेल्यातल्या एकूण चार वाट्यांच्या मानाने एक चतुर्थांश.

पैजेचा भाव आणि संभाव्यता यांच्यातला फरक नेमका एवढाच आहे. भाव दोन भाग समोरासमोर ठेवतो: न घडण्याचे इतके, घडण्याचे इतके. संभाव्यता त्यातला घडण्याचा भाग उचलते आणि सगळ्या पातेल्याशी ताडते. म्हणून एखाद्या गोष्टीचा भाव ‘तीनास एक’ असेल, तर तिची संभाव्यता एक तृतीयांश नसते. तीन आणि एक मिळून चार, त्यातला एक, म्हणजे पंचवीस टक्के. शिकणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. तो तीनाने भागतो आणि तांदळात डाळ मिळवायची विसरतो.

उलट जाणंही तितकंच सोपं आहे. उद्या पावसाची शक्यता २० टक्के असेल, तर पाऊस न येण्याची ८०. ऐंशीला वीस, म्हणजे चारास एक. फाशावर सहा पडण्याची संभाव्यता सहात एक, न पडण्याचे भाग पाच, म्हणून भाव पाचास एक. नाणेफेकीचा भाव एकास एक, म्हणजे बरोबरीचा. आणि गोष्ट घडण्याचीच शक्यता जास्त असेल, तर भावातले आकडे जागा बदलतात. ८० टक्के शक्यतेचा भाव एकास चार: चार रुपये लावायचे तेव्हा एक रुपया मिळवायचा. या लेखात मी सगळीकडे न घडण्याचा भाग आधी सांगतो आहे. प्रत्यक्ष व्यवहारात कोणता आकडा आधी आहे, हे विचारल्याशिवाय हिशेब सुरू करू नये.

भावाला ‘भाव’ म्हणतात ते त्यावर पैसे लागतात म्हणून. फाशावर सहा पडण्यावर तुम्ही एक रुपया लावलात आणि समोरच्याने पाचास एक भाव दिला, तर सहा पडल्यावर तुमचा रुपया परत आणि वर पाच रुपये. सहा वेळा खेळलात आणि प्रत्येक आकडा एकेकदा पडला असं धरा. पाच वेळा एकेक रुपया गेला, एकदा पाच आले. कोणाचंच काही गेलं नाही. हाच रास्त भाव. प्रत्यक्षात सहा फेकींत इतकं नीटनेटकं काही घडत नाही, पण दीर्घ खेळात कोणत्याही बाजूकडे झुकाव राहत नाही. रास्त भावाची दुसरी ओळख मला अधिक आवडते. दोन भावंडांत आंबा वाटताना एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसंच इथेही. भाव सांगणारा माणूस ‘तू कोणतीही बाजू घे’ असं म्हणायला तयार असेल, तर त्याच्या मते तो भाव रास्त आहे.

आता रास्त नसलेला भाव बघू. मुंबईत साठच्या दशकात मटका फोफावला. त्याआधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यांवर पैसे लावले जात. ते आकडे यायचे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली आणि त्यावरून हे नाव पडलं. हा जुगार बेकायदा आहे, पण त्याचा भाव शिकण्यासाठी उत्तम उदाहरण आहे. शून्य ते नऊ यांतला एक आकडा लावायचा, तो आला तर ‘रुपयाला नऊ’. दहाही आकडे सारख्याच शक्यतेने येतात असं धरू. म्हणजे आपला आकडा येण्याचा एक भाग, न येण्याचे नऊ, रास्त भाव नवास एक. वाटतं, नऊ तर मिळतायत! पण ते नऊ तुमच्या रुपयासकट आहेत. लावलेला रुपया वेगळा परत मिळत नाही. हाती नऊ आले, त्यातला एक मुळात तुमचाच होता, म्हणजे कमाई आठ. खरा भाव आठास एक ठरला.

हे पटवून घ्यायला संभाव्यतेचीही गरज नाही. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा. दहा रुपये गेले. कोणताही आकडा आला तरी हाती नऊ. एक रुपया दर खेपेला, हमखास, दुसऱ्याच्या खिशात. ही ‘सगळीकडे लावून बघा’ची परीक्षा मी पुढेही वापरणार आहे, कारण तिच्यापुढे भावाचे शब्द काहीही लपवू शकत नाहीत.

जोडीचा, म्हणजे आधी निघणारा ओपन आणि नंतर निघणारा क्लोज अशा दोन आकड्यांचा, दर रुपयाला नव्वद. जोड्या शंभर. शंभर रुपये लावून नव्वद हाती, म्हणजे दहावा हिस्सा इथेही गेला. पण हीच पैज दोन पायऱ्यांनी खेळली, म्हणजे ओपनला मिळालेले नऊ रुपये तसेच क्लोजवर लावले, तर शेवटी हाती नऊ नवं एक्क्याऐंशी येतात. रास्त दराने शंभर यायला हवे होते. झुकलेल्या भावाने एकदा खेळलात तर दहावा हिस्सा जातो आणि उरलेलं पुन्हा त्याच भावाने लावलंत तर उरलेल्याचा दहावा हिस्सा जातो. ‘जिंकलेले पैसेच तर लावतोय’ असं म्हणणाऱ्याला हा दुसरा दहावा हिस्सा दिसत नाही.

भावातला कमीपणा नेहमी इतका ठळक असेलच असं नाही. पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या बोटींवर रूलेट खेळतात. एका शून्याच्या चक्रावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरं असतात आणि एका घरावर लावलं तर भाव पस्तीसास एक मिळतो. इथे लावलेला रुपया खरोखर परत मिळतो. मग सगळीकडे लावून बघा: ३७ रुपये गेले, ३६ आले. रास्त भाव छत्तीसास एक असता. त्यातून एकच कमी केला आहे, म्हणून डोळ्यांना खुपत नाही. शेकड्याला सुमारे २.७ रुपये, बस. मटक्यात हाच आकडा दहा होता. दोन्ही अन्याय्यच, पण अन्यायाचं माप वेगळं आहे आणि ते मोजता येतं.

फासा, आकडे, चक्र यांत खरी संभाव्यता आधीच ठाऊक असते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बुकीच्या फळ्यावर भाव लागतात तेव्हा ती कोणालाच ठाऊक नसते, आणि इथेच भावातून संभाव्यता काढण्याचं कसब खरं उपयोगी पडतं. मी चार घोड्यांची शर्यत कल्पून सांगतो. पहिल्याचा भाव बरोबरीचा, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा तीनास एक, चौथ्याचा चारास एक.

इडलीचा हिशेब लावू. पहिला: एक आणि एक दोन, त्यातला एक, ५० टक्के. दुसरा आणि तिसरा: चारातला एक, २५ टक्के प्रत्येकी. चौथा: पाचातला एक, २० टक्के. बेरीज करा: १२०. चारांपैकी एकच घोडा जिंकणार, म्हणजे खऱ्या संभाव्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे वीस कुठून आले?

पुन्हा सगळीकडे लावून बघू, मात्र या वेळी सारखे पैसे नाहीत. प्रत्येकावर त्याच्या टक्क्यांइतके रुपये लावायचे. पहिल्यावर ५० लावले, तो जिंकला तर ५० कमाई आणि ५० परत, मिळून १००. दुसऱ्यावर २५, तो जिंकला तर ७५ अधिक २५, पुन्हा १००. तिसराही तसाच. चौथ्यावर २०, त्यावर ८० अधिक २०, तेही १००. खर्च झाले १२०, कोणीही जिंको, हाती १००. बेरजेत शंभराच्या वर जे आहे ते बुकीचं घर चालवतं. वेगवेगळ्या घोड्यांवर योग्य प्रमाणात पैसे लागले तर कोण जिंकतो याची त्याला पर्वा राहत नाही.

या फुगलेल्या टक्क्यांतून रास्त भाव काढायचे तर सगळ्यांना १२०ने भागायचं. चौथ्या घोड्याचे २० भागिले १२०, म्हणजे सहातला एक, रास्त भाव पाचास एक. फळ्यावर चारच आहे. पहिल्याचे ५० भागिले १२०, म्हणजे बारातले पाच, रास्त भाव सातास पाच, जिथे मिळत होते पाचास पाच. मात्र हे भागणं म्हणजे बुकीने सगळ्यांवर सारखाच भार टाकला, असं गृहीत धरणं आहे. शर्यतींच्या नोंदी तपासणाऱ्यांना अनेकदा उलट दिसलं आहे: लांबच्या, कमी शक्यतेच्या घोड्यांवर भार जास्त असतो आणि आवडत्यांवर कमी. त्यामुळे असे काढलेले आकडे अंदाज म्हणून घ्यावेत, आणि चौथ्यासारख्या घोड्याचे आकडे तर खरोखर त्याहूनही कमी असू शकतात.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. बेरीज १२० आहे एवढ्यावरून सगळ्यांनी मिळून किती गमावायचं ते कळतं. चौथा घोडा घ्यावा की नाही, ते कळत नाही. तो भाव तुमच्यासाठी रास्त आहे का, हे तुमच्या स्वतःच्या अंदाजावर ठरतं. चारास एक या भावात २० टक्के दडलेले आहेत, म्हणजे तेवढं तर बरोबरीत सुटण्यासाठीच लागतं. एखाद्या जाणकाराला वाटलं, हा २५ टक्के आहे. मग अशा चार शर्यतींत, दरवेळी शंभर लावून, तो एकदा चारशे कमावेल आणि तीनदा शंभर घालवेल, शंभर वर. पण प्रत्यक्षात घोडा १५ टक्क्यांचाच असेल तर? मग वीस शर्यतींत तीनदा चारशे, म्हणजे बाराशे आले, आणि सतरा वेळा शंभर, म्हणजे सतराशे गेले. पाचशे खाली.

पंचवीस की पंधरा, हे एका शर्यतीतून कळत नाही. दोन्हींत घोडा बहुतेक वेळा हरतोच. त्यासाठी वही लागते: शर्यतीच्या आधी स्वतःचा अंदाज टक्क्यांत लिहायचा, शेजारी फळ्यावरचा भाव लिहायचा आणि निकाल नंतर. पुष्कळ नोंदी झाल्या की ज्यांना आपण २५ म्हटलं होतं तेवढेच बाजूला काढून मोजायचे. अशा शंभरांपैकी सुमारे पंचवीस जिंकले असतील, तर अंदाजावर विसंबून चारास एक हा भाव जाणकाराने घेतला ते ठीक. पंधराच जिंकले असतील, तर त्या शंभर शर्यतींत साडेआठ हजार गेले, सहा हजार आले, आणि त्याला रास्तपेक्षाही चांगला वाटलेला तो भाव अडीच हजारांनी महाग पडला.