चेहरा झाकला, दार उघडेच राहिले

गेल्या रमजानच्या अखेरच्या दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात गरजू कुटुंबांना शिधा पोहोचविण्यात आला. देणगीदारांना हिशेब कळावा म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक दारापाशी छायाचित्र काढले. घेणाऱ्यांची अब्रू राखावी, हेही त्यांच्या मनात होते. म्हणून त्यांनी प्रत्येक चेहऱ्यावर फुलाचे चिन्ह चिकटवले आणि मग ती छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांत पाठविली. तिसऱ्या दिवशी एका भगिनीचा मुलगा शाळेतून रडत आला. “तुमच्या घरी किट आले ना?” असे वर्गमित्रांनी त्याला विचारले होते. आईचा चेहरा कोणालाच दिसला नव्हता. पण चौकटीवरील घर क्रमांकाची पाटी स्पष्ट दिसत होती, आणि शेजाऱ्याची मोटारसायकलही तिच्या क्रमांकासह.

आपण दिलेला सदका उपकार जतावून व दुःख देऊन वाया घालवू नये, अशी ताकीद कुरआनने दिली आहे (सूरह अल्-बकरा, आयत २६४). त्या कार्यकर्त्यांचा हेतू दुःख देण्याचा नव्हता. त्यांची समजूत अपुरी होती. माणसाची ओळख त्याच्या चेहऱ्यात असते, असे ते मानत होते. लहान गावात ती दारात, गल्लीच्या पाटीत आणि अंगणातील वाहनातही असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. वाहनाचा क्रमांक सर्वांनी वाचावा यासाठीच असतो. रस्त्यावर तो झाकणे हाच उलट गुन्हा आहे. मग जे उघड्यावर आहे, ते छायाचित्रात आल्याने कोणाचा कोणता हक्क मारला जातो?

कायद्यात याचे पुरेसे उत्तर सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती वा खासगी वापराला लागू होत नाही. गटात छायाचित्र टाकणारा सामान्य माणूस बहुधा त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. म्हणून हा प्रश्न मुख्यतः आपल्या सद्सद्विवेकाकडे येतो.

माझे मत असे की, क्रमांक उघड असतो तो एका प्रयोजनापुरता: अपघात घडला, चोरी झाली, नियम मोडला, तर वाहन ओळखता यावे म्हणून. ती एक अमानत आहे, आणि अमानत ज्या कामासाठी सोपविली त्याच कामापुरती वापरायची असते. रस्त्याने जाणारा क्रमांक पाहतो आणि चार पावलांवर विसरतो. छायाचित्र मात्र विसरत नाही. हे वाहन, या दारासमोर, या दिवशी, असा तिहेरी पुरावा ते बांधून ठेवते आणि गावाशी काहीही संबंध नसलेल्या परक्याच्या हाती देते.

त्या परक्याला यातून काय मिळते? परिवहन विभागाच्या ॲपवर क्रमांक टाकला की वाहनाचा प्रकार, नोंदणीची तारीख, नोंदणी कार्यालय, विम्याची मुदत आणि काही अक्षरे झाकलेले मालकाचे नाव दिसते. पूर्ण पत्ता दिसत नाही. भीती वाढवून सांगण्याचे कारण नाही. पण पत्त्याची उणीव मागची पाटी भरून काढते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घर क्रमांकापुढे मालकाचे नाव असतेच. दंडाच्या खोट्या चलनाचे संदेश पाठविणारे ठग अशाच खऱ्या क्रमांकावर जगतात. संदेशातील वाहन क्रमांक आपलाच आहे हे पाहून माणूस सोबतची फाइल उघडतो आणि फसतो. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या गाडीवर लावून नियम मोडणारेही आहेत. त्यांचे चलन मूळ मालकाच्या नावे निघते.

आता झाकण्याविषयी. त्या मोटारसायकलचे शेवटचे दोन आकडे एका कार्यकर्त्याने नंतर झाकले आणि काम झाले असे मानले. पण ‘एमएच २९’, पुढील अक्षरे आणि पहिले दोन आकडे दिसतच होते. उरल्या केवळ शंभर शक्यता. त्यांतून त्या कंपनीची, त्या रंगाची मोटारसायकल निवडली, तर एखाद-दुसरीच शिल्लक राहते. झाकायचा तर क्रमांक संपूर्ण झाकावा.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. पुष्कळ जण पाटीवर चौकड्यांची धूसर जाळी ओढतात. ही जाळी त्या जागेचे रंग पुसत नाही. प्रत्येक चौकडीत त्यांची सरासरी भरते. पाटीवरील अक्षरे ठरावीक घडणीची असतात आणि आकडे तर दहाच. शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे त्याच पद्धतीने धूसर करून एकेक शेजारी ठेवून पाहिले, की कोणता जुळतो हे ओळखता येऊ शकते. चौकड्या इतक्या मोठ्या असतील की सारी पाटी एक-दोन चौकड्यांत मावेल, तरच हा मार्ग खुंटतो. फोनमधील खुणा करण्याचा जाड पेनही भरवशाचा नाही. त्याची शाई पारदर्शक असते आणि छायाचित्राचा उजेड वाढविला की खालचे आकडे वर येतात. पाठविण्यापूर्वी स्वतःच उजेड पूर्ण वाढवून पाहावे. काही दिसले नाही, तर झाकणे साधले. त्यासाठी भरीव, एकरंगी चौकोन उत्तम. आणि पाटी कडेला असेल तर तेवढा भाग कापून टाकणे त्याहून सोपे. शेवटी छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नये, कारण तसे पाठविल्यास फोनने नोंदविलेले स्थळ फाइलसोबत जाऊ शकते. पाटी झाकून गावाचा नकाशा पाठविण्यासारखेच ते आहे.

परंतु या सर्वांहून जुना एक उपाय आपल्याकडे आहे, आणि तो फोनच्या पडद्यावर नव्हे, दारापाशीच करायचा आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात असे वर्णन येते की, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) कोणाच्या दारी गेले की दारासमोर उभे राहत नसत; उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहून सलाम करीत. त्या काळी दारांना पडदे नसत. बुखारींच्या संग्रहातील दुसऱ्या एका प्रसंगात, दाराच्या फटीतून आत डोकावणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (सल्ल.) कठोर शब्दांत सुनावले आणि प्रवेशाची परवानगी मागण्याचा नियम नजरेमुळेच ठरविण्यात आला आहे, हे समजाविले. छायाचित्र घेणाऱ्याने हीच रीत पाळली, दारासमोरून दोन पावले बाजूला होऊन कॅमेरा खाली केला, तर चौकटीत फक्त पिशवी आणि दोन हात येतात. मग झाकण्यासारखे काही उरतच नाही.

एक मर्यादा मान्य केली पाहिजे. गल्लीतील माणूस ओट्याच्या फरशीवरूनही घर ओळखील. त्याच्यापुढे कोणताही चौकोन चालणार नाही. शाळेतील त्या मुलांना पाटी वाचण्याचीही गरज पडली नसेल. म्हणून घेणाऱ्याच्या दारातील छायाचित्र सुधारावे कसे, यापेक्षा ते काढावेच का, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. हिशेब दुकानदाराच्या पावतीने आणि रचून ठेवलेल्या पोत्यांच्या छायाचित्रानेही देता येतो. हे बैठकीत मांडले तेव्हा एका वयोवृद्ध देणगीदारांनी नाराजी दाखविली. पोहोचल्याचे डोळ्यांनी दिसले की समाधान वाटते, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अप्रामाणिक नव्हते. पण ते समाधान कोणाच्या दारावरून मिळवायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या दाराच्या आतील माणसाचा होता, आणि शेजारी उभ्या मोटारसायकलच्या मालकाला तर कोणी विचारलेही नव्हते.

मूळ छायाचित्र कार्यकर्त्यांनी गटातून काढून टाकले. तोवर ते आणखी किती गटांत गेले होते, हे त्यांनाही सांगता आले नाही. त्या भगिनींची माफी मागायला ते गेले, तेव्हा फोन खिशात ठेवून दाराच्या बाजूला उभे राहिले.