नळ बंद करणारी मुलगी

पाणी वाचवण्याच्या कुठल्याही माहितीपटात एक मुलगी हमखास असते. ती वाहता नळ बंद करते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. मराठवाड्यातल्या गावांत दाखवायच्या फिल्मची पटकथा माझ्याकडे आली, तेव्हा फिल्मचं काम देणाऱ्या साहेबांनीही "तो नळाचा सीन तेवढा घ्या" असं आवर्जून सांगितलं. चार दिवसांआड तासभर पाणी येणाऱ्या गावात या सीनला काय दाद मिळेल, ते सांगायला नको.

माझी खरी तक्रार हिशेबाची आहे. समजा, 300 घरांच्या गावात प्रत्येक घराने रोज 20 लिटर पाणी वाचवलं. वर्षाला सुमारे 22 लाख लिटर झाले. पाटपाण्यावरच्या एकरभर उसाला दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं, तर लागतात 80 लाख लिटर. म्हणजे सगळ्या गावाची वर्षभराची काटकसर जेमतेम अकरा गुंठे उसात जिरली!

म्हणून काटकसर वेगळी आणि वाटणी वेगळी, असं मी म्हणतो. काटकसरीवर फिल्म काढणं सोपं, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. वाटणीत मात्र माणसं समोरासमोर येतात. हिवरे बाजारात पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकातला आकडा फळ्यावर येतो. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी, हा गुणाकार शाळकरी पोरंही करतील. त्यातलं वाहून गेलेलं, उडून गेलेलं वजा करायचं, माणसांचं आणि जनावरांचं आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. पटकथेला याहून चांगला प्रसंग मला तरी सापडला नाही.

साहेब म्हणाले, "उसाचं नाव नको, लोक दुखावतात. सकारात्मक ठेवा." अहो, नाव न घेता वाटणी कशी होणार? मी हट्टाने ऊसवाल्याला खलनायक करून संवाद लिहायला घेतले, पण तो ऐकेना. "उसाचा किमान दर कायद्याने बांधलेला आहे, तोडून न्यायला कारखाना आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेतो कोण?" याला तोडीस तोड उत्तर मला सुचलं नाही, ते गावाच्या हातातही नाही. तेव्हा सगळ्यात जोरकस संवाद त्यालाच दिले आणि भांडण मिटवायच्या आत फिल्म संपवली. पुढचं ग्रामसेवकाने फळ्यासमोर उभं राहून, त्याच गावचा पाऊस मांडून करायचं.

एक विनंती मात्र आहे. ही फिल्म 22 मार्चच्या जलदिनाला दाखवू नका. तोवर विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि ऊस रानात उभा असतो. ऑक्टोबरात, रब्बीच्या पेरण्या आणि उसाच्या लागणी ठरायच्या आधी दाखवा.