परदेशातील हुकूमनामा आणि इथला निकाह

वाचकहो, अशी कल्पना करा की नाशिकमध्ये दोन कुटुंबांच्या साक्षीने निकाह झाला. वर्ष-दीड वर्षात नवरा-बायको लंडनला गेले, तिथे संसार जमला नाही आणि तिथल्या न्यायालयाने घटस्फोटाचा अंतिम आदेश दिला. मुलगी माहेरी परतली. काही काळाने तिच्यासाठी दुसरे स्थळ आले. वडील तो शिक्क्याचा इंग्रजी कागद घेऊन इमामाकडे जातात आणि विचारतात, आता निकाह पढवायला हरकत नाही ना?

प्रश्न एका वाक्याचा दिसतो. प्रत्यक्षात ते दोन प्रश्न आहेत. या देशाचा कायदा त्या कागदाला मानतो काय, हा पहिला. अल्लाहच्या समोर त्या स्त्रीचा पहिला निकाह सुटला आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही आणि दुसऱ्याचे पहिल्याला. घोटाळा होतो तो दोन्ही एक समजल्यामुळे.

आधी देशाचा कायदा पाहू. परदेशी न्यायालयाचा निवाडा आपल्याकडे केव्हा निर्णायक मानायचा, हे 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मध्ये सांगितले आहे. सर्वसाधारणपणे तो मानायचा, पण सहा अपवाद आहेत. त्या न्यायालयाला अधिकारच नसेल, निवाडा गुणदोषांवर दिलेला नसेल, जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे त्याला मानण्यास नकार दिला असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल, फसवणूक झाली असेल किंवा भारतातील कायद्याचा भंग होत असेल, तर तो निवाडा इथे बंधनकारक राहत नाही.

विवाहाच्या बाबतीत या कलमाचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली नरसिंहराव खटल्यात स्पष्ट केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले होते. खटला हिंदू दांपत्याचा होता. 1975 साली तिरुपतीला विवाह, 1978 पासून दोघे विभक्त. पती अमेरिकेत होता. त्याने मिसुरी राज्यातील न्यायालयात आपण नव्वद दिवसांपासून तिथले रहिवासी आहोत असे सांगून अर्ज केला. पत्नी इथेच होती. तिने आपला हक्क राखून, त्या न्यायालयाचा अधिकार नाकारणारे उत्तर पाठवले. तिच्या गैरहजेरीत, विवाह दुरुस्त न होण्याइतका मोडला आहे एवढ्या कारणावर, 1980 मध्ये हुकूमनामा झाला. पुढे पतीने भारतात दुसरा विवाह केला आणि पत्नीने द्विभार्याप्रतिबंधाखाली तक्रार केली. न्यायालयाने तो अमेरिकी हुकूमनामा मानला नाही.

त्या निकालातून जो नियम निघाला तो नीट लक्षात घ्यावा. ज्या कायद्याखाली पती-पत्नीचा विवाह झाला, त्या कायद्याने ज्याला अधिकार दिला आहे त्याच न्यायालयाने, त्याच कायद्यातील कारणावर दिलेला घटस्फोट मानला जाईल. याला तीन सवलती आहेत. जिथे प्रतिवादी कायमचा राहतो तिथल्या न्यायालयात दावा झाला आणि कारण विवाहाच्या कायद्यातले असले, तर चालेल. प्रतिवादीने स्वेच्छेने हजर राहून दावा लढवला आणि कारण विवाहाच्या कायद्यातले असले, तर चालेल. आणि दोघांची संमती असेल, तर अधिकारक्षेत्र जुळत नसले तरी चालेल. हा नियम विवाहाच्या कायद्याचा आधार घेतो, धर्माचे नाव घेत नाही. म्हणून तो निकाहालाही लागू पडतो. फक्त विवाहाचा कायदा म्हणून आपल्याला शरीअत कायदा आणि मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, 1939 यांच्याकडे पाहावे लागते.

आता लंडनच्या उदाहरणाकडे परत येऊ. 6 एप्रिल 2022 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. एक पक्ष लिहून देतो की विवाह मोडला आहे. ते लिखित विधानच पुरावा ठरते. अर्जानंतर वीस आठवडे थांबायचे, मग सशर्त आदेश, आणि त्यानंतर सहा आठवडे व एक दिवस उलटल्यावर अंतिम आदेश मागायचा. समोरचा पक्ष विवाह मोडलेला नाही असे म्हणून तो रोखू शकत नाही. 1939च्या अधिनियमात पत्नीला मिळणाऱ्या कारणांत पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे निर्वाह न देणे, क्रूरता अशी नेमकी कारणे आहेत. “संसार मोडला” एवढेच कारण त्यात नाही. म्हणून एकट्या पत्नीने काढलेला, पतीचा सहभाग नसलेला लंडनचा आदेश नाशिकच्या कुटुंब न्यायालयात पुढे केला, तर त्याला आव्हान मिळू शकते, आणि ते आव्हान पोकळ नाही.

पण त्याच 2022 च्या बदलाने दोघांनी मिळून संयुक्त अर्ज करण्याची सोय केली आहे. संयुक्त अर्ज म्हणजे दोघांची लिखित संमती. नरसिंहराव निकालातील तिसरी सवलत इथे बसते, आणि परस्पर संमतीने विभक्त होणे आपल्या फिक्हमध्ये मुबारात म्हणून पूर्वीपासून मान्य आहे. परदेशात विभक्त होणाऱ्या जोडप्याने एवढी एक निवड बरोबर केली, तरी इथल्या अर्ध्या अडचणी टळतात. निव्वळ नोटीस मिळाल्याची पोच देणे आणि संमती देणे यांत मात्र फरक आहे. पोच ही संमती नव्हे.

आपल्या घरांत एक समज आढळतो: ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती यांसारख्या देशांशी भारताचा परस्पर निवाडे मानण्याचा करार आहे, तेव्हा चिंता कशाची? ती तरतूद कलम 44 क मध्ये आहे आणि ती पैशांच्या हुकूमनाम्यांची वसुली इथे करण्यासाठी आहे. विवाह राहिला की सुटला, हे ठरवण्याशी तिचा संबंध नाही.

आता दुसरा, माझ्या दृष्टीने अधिक जड प्रश्न. मराठीत “घटस्फोट” हा शब्द मडके फोडण्यावरून आला आहे; फुटले की सर्वांना दिसते. अरबीतील तलाक या शब्दाच्या मुळाशी मोकळे करणे, बंधन सोडणे हा अर्थ आहे. गाठ कोणी बांधली तोच ती सोडू शकतो की दुसराही, हाच फिक्हचा प्रश्न आहे. हनफी फिक्हमध्ये तलाकचा अधिकार पतीचा आहे. तो स्वतः देईल, लिहून देईल किंवा दुसऱ्याला प्रतिनिधी नेमेल. म्हणून पतीनेच न्यायालयात घटस्फोट मागितला, सही केली आणि अंतिम आदेश मागून घेतला, तर अनेक मुफ्ती त्याला लिखित तलाकसमान धरतात. पत्नीने मागितला आणि पतीने मान्य केला नाही, तर त्याच मुफ्तींचे मत असते की कागद झाला, पण निकाह कायम आहे.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: न्यायाधीश मुस्लिम नव्हता, म्हणून निवाडा व्यर्थ. या आक्षेपाचा इतिहास आपल्याच देशातला आहे. पतीच्या छळातून सुटायला हनफी फिक्हमध्ये मार्ग सापडेना, म्हणून काही स्त्रिया इस्लाम सोडू लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी “अल-हीलतुन्नाजिझा” लिहून मालिकी फिक्हचा आधार दाखवला. त्यातूनच मुहम्मद अहमद काझमी यांनी मांडलेल्या विधेयकाचा 1939 चा कायदा झाला. विधेयकात असे दावे मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत अशी तरतूद होती. ती वगळली गेली आणि काही उलमा नाराज झाले. तरीही आज मुस्लिम स्त्रिया त्याच कायद्याखाली कुटुंब न्यायालयांत जातात, आणि न्यायाधीश कोणत्याही धर्माचा असतो. तेव्हा नाशिकच्या न्यायाधीशाचे चालेल आणि लंडनच्याचे केवळ धर्मामुळे चालणार नाही, हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. खरा फरक कारणाचा आणि पतीच्या सहभागाचा आहे.

म्हणून मार्ग असा. परदेशी आदेश असला तरी पतीकडून एक साधा लिखित कागद घ्यावा: तलाकनामा, किंवा पत्नीकडून मागणी असेल तर खुलानामा, दोन साक्षीदारांसह. तो इथून पाठवलेल्या मसुद्यावर तिकडे सही करून देऊ शकतो. हा एक कागद शरीअतचा दरवाजा उघडतो आणि इथल्या न्यायालयातही आधार देतो. केवळ इंग्लंडमधल्या शरीअत कौन्सिलकडे जाऊन खुला घेतला आणि तिथल्या न्यायालयात गेलेच नाही, तर उलटी अडचण होते. नाशिकचा निकाह इंग्लंडमध्ये वैध विवाह मानला जातो, पण इंग्लंडच्या भूमीवर न्यायालयाबाहेर झालेला तलाक वा खुला तिथला कायदा मानत नाही. म्हणजे इथे मोकळी, तिथे बांधलेली. परदेशी आदेशाची नुसती छायाप्रतही पुरेशी नाही. नरसिंहराव खटल्यात छायाप्रत पुराव्यात धरली गेली नाही. त्या न्यायालयाची प्रमाणित प्रत आणि तिच्यावर तिथल्या भारतीय प्रतिनिधीचे प्रमाणन हवे.

आणि पती सही करायलाच तयार नसेल तर? इथे फिक्हची बाब संपून अखलाकची सुरू होते. स्वतः तिथे नवा संसार थाटायचा आणि इथल्या स्त्रीला “मी तलाक दिलेला नाही” म्हणून अडकवून ठेवायचे, याला कुरआनच्या सूरह बकराच्या 231 व्या आयतीत सक्त मनाई आहे; त्रास देण्यासाठी स्त्रीला रोखून ठेवू नये, हा तिचा आशय आहे. सूरह निसाच्या 129 व्या आयतीत पत्नीला अधांतरी लटकत ठेवू नये असे बजावले आहे. अशा पतीला समजावणे हे दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांचे आणि जमातचे काम आहे, आणि ते बहुधा मुलाच्या घरच्यांकडूनच राहून जाते. तरीही तो मानत नसेल, तर स्त्रीने इथल्या न्यायालयात 1939च्या अधिनियमाखाली दावा करावा आणि सोबत दारुल कजाकडेही जावे. दारुल कजाच्या फैसल्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे. पण तो घेण्यास मनाई नाही, आणि निकाह सुटल्याची खात्री तिच्या मनाला त्यातूनच मिळते.

शेवटी इद्दतीची तारीख. ती न्यायालयाच्या आदेशाच्या दिवसापासून मोजण्याची चूक होते. इद्दत तलाक किंवा खुला झाल्यापासून सुरू होते, बातमी नंतर पोहोचली तरी. रजस्वला स्त्रीसाठी तीन पाळ्या, गर्भवतीसाठी प्रसूतीपर्यंत. म्हणून पतीच्या कागदावर तारीख स्पष्ट लिहून घ्यावी, मेहर दिला, बाकी आहे की खुलात सोडला हेही त्यातच लिहावे. इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवलेली रक्कम मेहरच्या बदल्यात आहे असे त्या आदेशात म्हटले नसेल, तर मेहर वेगळा उरतो.