दोन भाषांतले ध्वनिवर्णन : एका लघुपटाच्या निमित्ताने

संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पडद्यावर दिसते पण ऐकू येत नाही ते सांगणारा निवेदकाचा आवाज म्हणजे ध्वनिवर्णन. पोस्टर किंवा छायाचित्र यांसारख्या स्थिर चित्रासाठी हेच काम ‘ऑल्ट टेक्स्ट’, म्हणजे पर्यायी मजकूर, करतो. तो चित्रामागे लिहिलेला असतो आणि अंध व्यक्तीच्या फोनवरचा किंवा संगणकावरचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये ध्वनिवर्णनाचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या, पण त्या चित्रपटगृहांत लागणाऱ्या कथापटांसाठी आहेत. लघुपटाचे वर्णन बहुधा दिग्दर्शक आणि एखाद-दुसरा लेखक मिळूनच लिहितात. त्यातली सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे एका भाषेत वर्णन लिहून दुसऱ्या भाषेत त्याचा अनुवाद करणे. दोन्ही वर्णने चित्राकडे पाहून स्वतंत्रपणेच लिहावी लागतात. त्याची कारणे उदाहरणातून नीट कळतात.

समजा, ‘पट्टी’ नावाचा बारा मिनिटांचा मराठी लघुपट आहे. पहाटे कांद्याने भरलेला ट्रॅक्टर लासलगावच्या बाजार समितीकडे निघतो, लिलाव होतो, शेवटी हिशोबपट्टी हातात पडते. पहिली दोन मिनिटे ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या तोंडाला टॉवेल गुंडाळलेला आहे. मग टॉवेल सुटतो आणि चालवणारी बाई आहे, हे कळते. दिग्दर्शकाने ही गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे.

इंग्रजी वर्णनात ही अडचण येत नाही. ‘ड्रायव्हर’ हा कर्ता घेतला, सर्वनाम टाळले की क्रियापदातून काहीच फुटत नाही. मराठीत ‘ड्रायव्हर गिअर टाकतो’ म्हटले की श्रोत्याची फसवणूक होते, ‘टाकते’ म्हटले की रहस्य संपते. इंग्रजी ओळीचा सरळ अनुवाद करणारा लेखक इथे नकळत ‘टाकतो’ लिहून जातो. उपाय चित्रातच असतो. कॅमेरा जे जवळून दाखवतो तेच कर्ता करायचे: ‘तोंडाला टॉवेल, फक्त डोळे उघडे. हात गिअर टाकतो.’ मागे कांद्यांवर झोपलेल्या मुलासाठी, त्याचा चेहरा दिसेपर्यंत, ‘घोंगडी पांघरून कोणीतरी झोपलंय’ हे नपुंसकलिंगी वाक्य चालते. नावांचेही तसेच. ‘सुमनबाई’ ही हाक तिसऱ्या मिनिटाला ऐकू येते. तोवर वर्णनातही नाव न घेणे या चित्रपटाला धरून होईल. जिथे ओळख लपवण्याचा हेतू नसतो, तिथे मात्र नाव आधी सांगितलेले बरे. ‘निळ्या साडीतली बाई’ असे दहा वेळा ऐकून श्रोता थकतो.

आता शेवटचा प्रसंग. कारकून पट्टी देतो, सुमन ती वाचते, आणि मुलगा विचारतो, ‘आई, किती मिळाले?’ मधली मोकळी जागा पाच सेकंदांची आहे. शांतपणे बोलताना मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे फार तर दहा शब्द. पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण असे लिहितात: ‘पट्टी पाहून सुमन अतिशय निराश होते.’ यात दोन चुका आहेत. पडद्यावर आकडा स्पष्ट दिसतो, तो सांगितलेलाच नाही. आणि निराशा पडद्यावर दिसत नाही, तो लेखकाने काढलेला निष्कर्ष आहे. डोळस प्रेक्षकाला आकडा आणि हालचाल मिळते, अर्थ तो स्वतः लावतो. अंध प्रेक्षकाचाही तोच हक्क आहे. सुधारलेली ओळ अशी होते: ‘तळाशी आकडा: चारशे बारा रुपये. सुमन पट्टी उलटते. मागे कोरी.’ हे दहा शब्द मुलाच्या प्रश्नाआधी संपतात, आणि संपायलाच हवेत. डोळस प्रेक्षकाला आकडा आधी कळलेला असल्यामुळेच त्या प्रश्नाला वजन येते. ओळ प्रश्नानंतर ढकलली, तर अंध प्रेक्षक मुलाइतकाच अनभिज्ञ राहतो आणि प्रसंगाचा अर्थच बदलतो.

मोकळी जागा दिसली की भरलीच पाहिजे, असेही नाही. ट्रॅक्टर बंद पडल्यावर फक्त इंजिनाची घरघर आणि किल्ली फिरवल्याचा आवाज येत असेल, तर तिथे गप्प राहावे. कान जे स्वतः ओळखतो ते पुन्हा सांगितले की चित्रपटाचा ध्वनी मारला जातो.

इंग्रजी वर्णनाची खरी अडचण शब्दांची नाही, वेळेची आहे. ते ऐकणाऱ्याला मराठी येत नसेल, तर त्याच्यासाठी संवादांची उपशीर्षकेही कोणीतरी मोठ्याने वाचावी लागतात. वाचलेले उपशीर्षक मूळ संवादाच्या मागून सुरू होते आणि मोकळ्या जागेत घुसते. लिलावाच्या प्रसंगात व्यापारी एकावर एक बोली लावतात. मराठी श्रोता त्या स्वतः ऐकतो, त्यामुळे मधल्या दोन सेकंदांत ‘व्यापारी कांदा उचलून हुंगतो’ एवढे सहज बसते. इंग्रजी श्रोत्यासाठी तेच दोन सेकंद बोलींच्या वाचनात जातात. तिथे अनुवादित ओळ बसवायला गेले की निवेदक धावू लागतो आणि दोन्ही गोष्टी अर्धवट ऐकू येतात. म्हणून इंग्रजीत वर्णनाच्या ओळी कमी ठेवतात आणि उपशीर्षकांसाठी वेगळा आवाज घेतात, नाहीतर संवाद कोणता आणि वर्णन कोणते हेच कळत नाही. उरलेली माहिती चित्रपटापूर्वीच्या दीड-दोन मिनिटांच्या ध्वनिओळखीत जाते: ट्रॉल्यांची रांग, उघड्यावरचा लिलाव, हिशोबपट्टी म्हणजे काय. मराठी श्रोत्याला, निदान नाशिककडच्या, यातले बरेचसे सांगावे लागत नाही.

पोस्टरच्या पर्यायी मजकुरात वेळेचे बंधन नसते, तरी दोन-तीन वाक्ये पुरतात. ‘हे चित्र आहे’ असे लिहू नये, स्क्रीन रीडर ते आधीच सांगतो. पोस्टरवरचा मजकूर मात्र आलाच पाहिजे, कारण चित्रातली अक्षरे त्याला नेहमी वाचता येतातच असे नाही. तो युनिकोडमध्ये टाइप करावा. छपाईसाठीच्या जुन्या फाँटमधून उचललेला मजकूर निरर्थक अक्षरांसारखा वाचला जातो. इंग्रजी पानावर मराठी मजकूर ठेवताना भाषाही नोंदवावी लागते, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी गाळतो किंवा तिची मोडतोड करतो:

```html
<img src="patti.jpg" lang="mr"
 alt="कांद्याने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, पाठमोरा. चालवणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला टॉवेल. वर लाल अक्षरांत: पट्टी.">
```

इथेही ‘बाई’ हा शब्द नाही. चित्रपटाने दोन मिनिटे राखलेली गोष्ट पोस्टरने फोडून चालत नाही.

तपासणी अंध श्रोत्यांकडूनच व्हावी लागते. लेखकाने डोळे मिटून ऐकले तरी चित्र त्याच्या मनात आधीच असते, त्यामुळे त्याला उणीव जाणवत नाही. मराठी आवृत्तीसाठी मराठी श्रोता आणि इंग्रजीसाठी मराठी न येणारा श्रोता घ्यावा. चित्रपट न थांबवता ऐकवावा आणि मग ‘आवडले का’ असे न विचारता नेमके प्रश्न विचारावेत: ट्रॅक्टर कोण चालवत होते, हे कधी कळले? ट्रॉलीवर कोण होते? पट्टीवर किती रुपये होते, आणि ते मुलाच्या प्रश्नाआधी कळले की नंतर? उत्तर चुकले की त्या जागेची ओळ पुन्हा लिहितात. ओळ बरोबर असूनही ऐकू आली नसेल, तर दोष मिश्रणाचा असतो. मग वर्णनापुरता मूळ ध्वनी आणखी खाली घेतात आणि तेवढा तुकडा पुन्हा ऐकवतात.